पासवर्ड विसरलात? लॉगआउट करू नका, फोन रीसेट करू नका, आधी हे वाचा



व्यवसाय लहान असला तरी त्याच्या चाव्या किती ठिकाणी अडकलेल्या असतात बघा. इन्स्टाग्रामचं पेज एका जीमेलवर, गूगल मॅपवरचं दुकानाचं नाव त्याच जीमेलवर, ग्राहकांचे फोन नंबर त्याच जीमेलवर, आणि त्या जीमेलचा पासवर्ड? तो चार वर्षांपूर्वी भाच्याने टाकला होता. फोनवर सगळं आपोआप उघडतं, म्हणून कोणी विचारत नाही. ज्या दिवशी फोन बदलतो त्या दिवशी प्रश्न येतो.

या लेखात मी जीमेलचं, म्हणजे गूगल खात्याचं उदाहरण घेऊन सगळं सांगणार आहे. बाकीची बहुतेक खाती त्याच्यावरच टांगलेली असतात. ते हातात आलं की इन्स्टाग्राम आणि फेसबुक बऱ्याचदा दहा मिनिटांत परत येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. पासवर्ड विसरल्यामुळे खातं सहसा जात नाही. विसरल्यावर घाईत आपण जे करतो, त्यामुळे जातं.

घाईत करायच्या नाहीत अशा तीन गोष्टी

पहिली, जिथे खातं अजून उघडं आहे तिथून लॉगआउट करू नका. जुना फोन, दुकानातला कॉम्प्युटर, घरातला टॅब, कुठेही जीमेल उघडत असेल तर ते तसंच राहू द्या. "एकदा काढून परत टाकून बघू" हा सल्ला इथे सगळ्यात महाग पडतो. काढता येतं, परत टाकायला पासवर्ड लागतो.

दुसरी, फोन फॅक्टरी रीसेट करू नका. अँड्रॉइड फोनमध्ये चोरांसाठी एक कुलूप असतं. सेटिंगमधून खातं न काढता, बाहेरून बटणं दाबून फोन पुसला, तर चालू होताना तो आधीचं गूगल खातं किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. दोन्ही नसेल तर खातंही गेलं आणि फोनही अडकला. आणि सेटिंगमधून नीट रीसेट केला तरी खात्याची एकमेव उघडी खिडकी आपणच बंद केलेली असते.

तिसरी, जुनं सिम फेकू नका आणि बंद पडू देऊ नका. खात्यात जो नंबर दिलेला आहे त्यावरच कोड येणार. आपल्याकडे बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाही, पण त्यानंतर देऊ शकते. म्हणजे तुमच्या खात्याचा कोड उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो.

सिम हरवलं असेल आणि नंबर तुमच्या नावावर असेल, तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. नवीन सिम चालू झाल्यावर पहिला एक दिवस एसएमएस येत नाहीत. फसवणूक थांबवण्यासाठी तसा नियमच केलेला आहे. म्हणून "कोड येतच नाही" म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

गूगल तुम्हाला ओळखतं कसं?

हे समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

तुम्ही दुकानात उधारी देता तेव्हा काय बघता? चेहरा ओळखीचा आहे का, नेहमीच्या गल्लीतला आहे का, आधीचा व्यवहार आठवतो का. गूगलच्या फॉर्मच्या मागे माणूस बसलेला नसतो, पण हिशोब असाच चालतो. फोन नेहमीचा आहे का? जागा आणि वायफाय नेहमीचं आहे का? एखादा जुना पासवर्ड सांगता येतो का? दिलेल्या नंबरवर किंवा दुसऱ्या मेलवर गेलेला कोड सांगता येतो का?

यातल्या जितक्या गोष्टी जुळतील तितका विश्वास वाढतो. म्हणून मित्राच्या फोनवरून, बसमध्ये बसून, मोबाइल डेटावर केलेला प्रयत्न फसतो, आणि तीच माहिती घरच्या वायफायवर जुन्या फोनवरून दिली की काम होतं.

आधारकार्डचा फोटो किंवा दुकानाचं उद्यम प्रमाणपत्र दाखवून साधं मोफत जीमेल खातं परत मिळत नाही. खातं उघडताना गूगलने ते घेतलंच नव्हतं, मग जुळवणार कशाशी?

आधी बघा, पासवर्ड कुठे सेव्ह तर नाही ना

बऱ्याच लोकांचा पासवर्ड हरवलेला नसतो, ब्राउझरमध्ये पडून असतो. जिथे खातं उघडं आहे त्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर क्रोममध्ये हा पत्ता टाका:

```
passwords.google.com
```

इथे सेव्ह केलेल्या साइटची यादी येते. इन्स्टाग्राम, फेसबुक शोधा. पासवर्ड दाखवण्याआधी फोन तुमचा पिन किंवा बोट मागेल, म्हणजे तो फोनचा लॉक तरी आठवायला हवा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणी दुसऱ्याच जीमेलने क्रोम वापरत असेल, तर त्याच्याही यादीत बघायला सांगा. पूर्वी कधीतरी त्या मशीनवरून लॉगिन झालं असेल तर तिथे सापडू शकतो.

सापडला नाही, तर पुढे चला.

एक उदाहरण, पायरी पायरीने

आमच्या एका बॅचमध्ये सोलापूरकडच्या एक ताई होत्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा व्यवसाय, ऑर्डर बहुतेक इन्स्टाग्रामवरून. जुन्या फोनची स्क्रीन फुटली म्हणून नवीन घेतला. मुलाने त्यात नवीन जीमेल उघडून दिलं. इन्स्टाग्राम टाकलं तर पासवर्ड मागितला. पासवर्ड बदलायची लिंक गेली जुन्या जीमेलवर. जुन्या जीमेलचा पासवर्डही माहीत नाही. आणि त्यावर कोड पाठवायचा नंबर होता भाच्याचा, जो केव्हाच बंद झालेला.

एकात एक अशी तीन कुलपं. आणि दिवाळीच्या ऑर्डर सुरू व्हायला पंधरा दिवस.

त्यांनी नवीन फोनवरून दोन-तीन वेळा प्रयत्न केला. दर वेळी शेवटी `Couldn't sign you in` असं आलं. त्याचा अर्थ खातं बंद झालं असा नाही. दिलेल्या माहितीवरून तुम्हीच मालक आहात याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. लगेच पुन्हा पुन्हा तेच करण्यात काही हशील नाही, उलट काही वेळ प्रयत्नच बंद होतात.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "ताई, जुना फोन कुठंय?" कपाटात होता. फुटलेला, पण वरच्या कोपऱ्यापुरताच. टच चालत होता, आणि त्यातून काही काढलेलं नव्हतं. अर्धं काम तिथेच झालं.

मग घरी बसून, नेहमीच्या वायफायवर, त्यांनी असं केलं.

जुना फोन पूर्ण चार्ज केला. त्यात सिम नव्हतं, ते चालतं. इंटरनेट हवं. जीमेल उघडून बघितलं, मेल येत होते, म्हणजे खातं अजून आत होतं.

फोनच्या सेटिंगमध्ये `Google` वर जाऊन खातं सांभाळायचं पान उघडलं, त्यात `Security` निवडलं, मग `Password`. तिथे सध्याचा पासवर्ड मागतात. तो माहीत नाही, म्हणून खाली `Forgot password?` दाबलं. आता गूगलला दिसतं की फोन नेहमीचा, वायफाय नेहमीचं. अशा वेळी ते बऱ्याचदा फक्त फोनचा स्क्रीन लॉक मागतं. ताईंनी पिन टाकला आणि नवीन पासवर्ड लिहायचं पान आलं.

नवीन पासवर्ड टाकण्याआधी तो वहीत लिहायला लावला. आधी वही, मग फोन. हा क्रम उलटा झाला की दोन दिवसांनी परत तीच कथा.

त्यानंतर त्याच पानावर कोडसाठीचा नंबर बदलला. भाच्याचा बंद नंबर काढला, स्वतःचा टाकला. इथे एक बारकावा आहे. नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय दाखवू शकतं. कोणी चोरून नंबर बदलला तर खऱ्या मालकाला संधी मिळावी म्हणून ही सोय आहे. आपल्या बाबतीत आठवडाभर थोडं लक्ष ठेवायचं, इतकंच.

आणि शेवटी इन्स्टाग्राम. नवीन फोनवर पासवर्ड विसरलो हा पर्याय दाबला, लिंक जुन्या जीमेलवर आली, आता ते उघडत होतं, नवीन पासवर्ड टाकला, पेज आत. सगळं मिळून अर्धा तास.

क्रम लक्षात घ्या. आधी मेल, मग बाकी सगळं.

जुना फोन नसेल तर?

मग या पत्त्यावरून जायचं:

```
accounts.google.com/signin/recovery
```

घरातल्या किंवा दुकानातल्या अशा कॉम्प्युटरवर बसा जिथे हे खातं पूर्वी कधी वापरलं होतं. ब्राउझरही तोच वापरा. मेल पत्ता टाका. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर रिकामं सोडू नका. त्याच्या आधीचा, अगदी जुना आठवत असेल तरी टाका. दाखवलेला नंबर बंद असेल तर `Try another way` दाबून पुढचा पर्याय बघा.

कधी कधी ते दुसरा एखादा मेल पत्ता मागतात आणि थांबायला सांगतात. काही तास, कधी काही दिवस. हा नकार नाही. या काळात ते खऱ्या मालकाला कळवतात आणि कोणी हरकत घेतंय का बघतात. थांबा, आणि दिलेला मेल रोज बघत राहा.

आता खरी मर्यादाही सांगतो. ओळखीचं मशीन नाही, नंबर नाही, दुसरा मेल नाही, एकही जुना पासवर्ड आठवत नाही, अशी अवस्था असेल तर ते खातं कदाचित कधीच परत मिळणार नाही. पैसे देऊनही नाही. दोन वर्षं वापरच झाला नसेल तर गूगल ते खातं पुसूनही टाकू शकतं.

पण मेल गेला म्हणून सगळंच गेलं असं नाही. गूगल मॅपवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीसाठी नवीन जीमेलवरून मालकी मागता येते. विनंती जुन्या मेलवर जाते, काही दिवस उत्तर आलं नाही तर तुमच्या व्यवसायाची पडताळणी करून मालकी मिळण्याचा मार्ग असतो. इन्स्टाग्रामवर तुमच्या चेहऱ्याचे फोटो असतील तर चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ काढून ओळख पटवायचा पर्याय येऊ शकतो. फक्त चटणीच्या बाटल्यांचे फोटो असतील तर हा मार्ग चालत नाही. म्हणून पेजवर मालकाचे दोन-चार फोटो असू द्या. ते ग्राहकालाही आवडतं आणि अडचणीत कामालाही येतं.

विसरलात की कोणी घेतलं, हे ओळखा

पासवर्ड तुम्हाला नक्की आठवतोय, काल चालत होता आणि आज चालत नाही? मग आधी मेल तपासा. तुमचा मेल पत्ता बदलला गेल्याची सूचना इन्स्टाग्रामकडून आली असेल, तर त्यातच तो बदल उलटवायची लिंक असते. असा खरा मेल `security@mail.instagram.com` वरून येतो. स्पॅमचा फोल्डरही बघा. शिवाय थेट हे पत्ते आहेत:

```
instagram.com/hacked
facebook.com/hacked
```

इथे वेळ महत्त्वाचा आहे. विसरलेला पासवर्ड दोन दिवस थांबू शकतो, चोरलेलं खातं नाही. तुमच्या पेजवरून ग्राहकांना पैसे मागितले जात असतील तर लगेच व्हॉट्सअॅपवर ग्राहकांना कळवा. कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांना 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार करायला सांगा.

मदतीच्या नावाखाली फसवणूक

पासवर्ड अडकला की माणूस काय करतो? सर्च करून "कस्टमर केअर नंबर" शोधतो. साध्या जीमेल खात्याचा पासवर्ड फोनवरून परत देणारी अशी कोणतीही गूगल सेवा नाही. म्हणजे जो फोन उचलून "सर, खातं रिकव्हर करून देतो" म्हणतो, तो खोटा आहे. इतकं साधं.

तो पुढे तीनपैकी एक गोष्ट मागतो. आलेला ओटीपी, स्क्रीन दाखवणारं एखादं अॅप, किंवा "प्रोसेसिंग फी". स्क्रीन दाखवणारं अॅप टाकलं की तुमचा ओटीपी तो स्वतःच वाचतो, आणि त्याच फोनवर तुमचं बँकेचं अॅपही असतं. "खातं परत मिळवून देतो, निम्मे पैसे आता" असे इन्स्टाग्रामवरचे मेसेजसुद्धा त्याच पंगतीतले.

खातं हातात आल्यावर त्याच दिवशी करायची कामं

उद्या करू म्हणाल तर होणार नाही. त्याच बैठकीत उरका, तासाभराचं काम आहे.

सुरुवात नंबर आणि दुसऱ्या मेलपासून करा. कोडसाठी स्वतःच्या नावावरचा, रिचार्ज चालू असलेला नंबर द्या. दुसरा मेल घरातल्या भरवशाच्या माणसाचा द्या. नोकराचा नको, आणि ज्याने खातं उघडून दिलं त्याचाही नको.

मग बॅकअप कोड घ्या. गूगलच्या `Security` पानावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्यावर हे मिळतात. आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला, सिम नाही, तरी यातला एक कोड आणि पासवर्ड वापरून आत जाता येतं. हे कोड वहीत हाताने लिहा आणि जिथे दुकानाचा परवाना, बँकेची पासबुकं ठेवता तिथे ठेवा. माझ्या दुकानात लोक अशा पानाचा स्क्रीनशॉट प्रिंट काढायला घेऊन येतात, मी त्यांना परत पाठवतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुमची चावी कशाला ठेवता? आणि फोनमध्येच फोटो ठेवला तर फोनबरोबर तोही गेला. नवीन दहा कोड काढलेत तर जुने बाद होतात, तेव्हा जुनं पान फाडून टाका.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, पण कोड लिहून झाल्याशिवाय ते पान बंद करू नका. नाहीतर चोरासाठी लावलेल्या कुलपात आपणच बाहेर राहतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुकलाही हीच सोय आहे. तिथे एसएमएसऐवजी कोड देणारं अॅप निवडता आलं तर जास्त चांगलं, सिम बंद पडलं तरी अडत नाही.

पासकी हा नवा प्रकारही वापरून बघा. यात पासवर्ड टाइप करायचाच नसतो, फोनचं बोट किंवा पिन दिला की लॉगिन होतं. फायदा असा की खोट्या साइटवर पासकी चालतच नाही, त्यामुळे फसवून काढून घ्यायला काही उरत नाही. मात्र फक्त स्वतःच्या फोनवर करा. दुकानातल्या सगळ्यांच्या फोनवर केलीत, तर त्या फोनचा पिन माहीत असलेला प्रत्येक जण तुमच्या खात्याचा मालक झाला.

शेवटचं, पासवर्ड वाटणं बंद करा. पोस्ट टाकणाऱ्या मुलाला पासवर्ड द्यायची गरज नाही. फेसबुक पेजवर आणि गूगल मॅपच्या नोंदीवर त्याच्या स्वतःच्या खात्याला मर्यादित अधिकार देता येतात. तो काम सोडून गेला की त्याचं नाव काढायचं, पासवर्ड तसाच राहतो. आणि पूर्ण अधिकार असलेली दुसरी व्यक्ती म्हणून घरातलं एक माणूस जोडून ठेवा. एकाचं खातं अडकलं तर दुसरा दार उघडू शकतो.

आज एक चाचणी करा

आज दुकान बंद केल्यावर वही घ्या आणि तीन ओळी लिहा. माझ्या व्यवसायाची खाती कोणत्या जीमेलवर आहेत? त्या जीमेलचा कोड कोणत्या नंबरवर जातो? तो नंबर आज चालू आहे का आणि कोणाच्या नावावर आहे?

तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर छान. एकाही ठिकाणी "बहुतेक" असं लिहावं लागलं, तर फोन चालू आहे आणि खातं उघडं आहे तोवरच दुरुस्त करून घ्या. आत्ता दहा मिनिटं लागतील. बाहेर अडकल्यावर दहा दिवसही पुरत नाहीत.